नातीचा फोटो कार्टून होतो, तेव्हा मूळ फोटो कुठे जातो?

आज आपण फोटोबद्दल बोलणार आहोत. म्हणजे लग्नाच्या अल्बमबद्दल नाही, तर मोबाईलवर फोटो टाकला की त्याचं चित्र करून देणाऱ्या ॲपबद्दल. २०२५ च्या मार्च महिन्यात जपानी कार्टूनसारखी चित्रं करून घ्यायची लाट आली होती, ती तुम्हाला आठवत असेल. गावोगावच्या स्टेटसवर नवरा-बायको, सासू-सून, पाळण्यातलं बाळ, सगळे मोठ्या डोळ्यांचे होऊन बसले होते. मग सप्टेंबरात जुन्या सिनेमातल्या नटीसारखी साडी नेसवलेले फोटो आले. हौस कुणाला नसते? गटाच्या बैठकीत आम्हीही ते फोटो एकमेकींना दाखवून हसलो. पण नंतर प्रश्नही आले. "बाळाचा फोटो टाकला तर काही होतं का?" हा त्यातला सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. त्याचं उत्तर नीट, सावकाश देऊ या.

आधी एक भीती बाजूला ठेवू. नुसत्या चेहऱ्याच्या फोटोवरून कुणी तुमच्या बँकेतले पैसे काढत नाही. पैसे जातात ते ओटीपी सांगितल्यामुळे, अनोळखी लिंकवरून खोटं ॲप घेतल्यामुळे, पिन टाकल्यामुळे. त्या लाटेत खऱ्या ॲपच्या नावानं बनावट साईटही निघाल्या होत्या आणि धोका त्यांच्याकडून होता. तेव्हा "फोटो टाकला की खातं रिकामं" हे खरं नाही. फोटोचा धोका वेगळ्या जातीचा आहे. तो लगेच दिसत नाही, आणि एकदा झाला की मागे घेता येत नाही.

एक उदाहरण धरून चालू. समजा, एका आजीच्या नातीचा पाचवा वाढदिवस आहे. बॅनरसाठी तिला नातीचं कार्टून हवंय. मुलानं ॲप घेतलं आणि मोबाईलमधला सगळ्यात गोड फोटो निवडला. शाळेच्या पहिल्या दिवशी फाटकासमोर काढलेला. नात गणवेशात आहे, गळ्यात ओळखपत्र आहे, मागे शाळेच्या नावाची पाटी आहे, कडेला बापाची मोटारसायकल उभी आहे. ॲपनं दहा-वीस सेकंदांत चित्र दिलं. त्या चित्रात नात आहे, मागे ढग आहेत, फुगे आहेत. पाटी नाही, मोटारसायकल नाही, ओळखपत्रही नाही. आजी म्हणते, "बघ, यात कुठे काय आहे? नुसतं कार्टून तर आहे!"

घोळ इथेच होतो. आपण परत आलेलं चित्र बघतो आणि तेच काय ते गेलं असं समजतो. पण ॲपकडे गेला तो मूळ फोटो, पूर्ण, कडेच्या मोटारसायकलसकट. ही चित्रं आपल्या मोबाईलमध्ये बनत नाहीत, मोबाईलची तेवढी ताकद नसते. फोटो इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या संगणकांवर जातो, तिथे चित्र होतं आणि ते परत येतं. पिठाच्या गिरणीत दळण दिलं की पीठ घरी येतं, दाणे गिरणीत उरत नाहीत. इथे मात्र पीठ घरी येतं आणि दाणेही गिरणीत राहतात. किती दिवस राहतात, कुणाला दिसतात, हे गिरणीवाला ठरवतो.

आता त्या एका फोटोत काय काय होतं ते मोजू. नातीचा चेहरा. शाळेचं नाव, म्हणजे गाव आणि तालुका. ओळखपत्रावर नाव, इयत्ता आणि बहुतेक वेळा पालकाचा मोबाईल नंबर. गाडीचा नंबर. हे झालं डोळ्यांना दिसणारं. याशिवाय न दिसणारी एक गोष्ट असते. मोबाईलच्या कॅमेऱ्यात लोकेशनची परवानगी चालू असेल, तर प्रत्येक फोटोच्या आत तो कुठे काढला त्याचे आकडे लिहिले जातात, तारीख आणि वेळेसकट. घरी काढलेल्या फोटोत घराची जागा असते. ती किती नेमकी असते ते पाहायचं असेल, तर गुगल फोटोज् मध्ये एखादा फोटो उघडा आणि बोटानं वर सरकवा. खाली नकाशा दिसला, तर तुमच्या फोटोंत जागा लिहिली जातेय. काही जणींना त्या नकाशावर स्वतःची वस्तीच दिसेल.

आणि मग त्या बॅनरवर, स्टेटसवर आपण स्वतःच्या हातानं लिहितो, "आमच्या लाडकीला पाचव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा," आणि पूर्ण नाव. झालं, जन्मतारीखही गेली.

यातली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर क्षुल्लक आहे. गावात कोण कुणाची नात हे सगळ्यांना ठाऊकच असतं. पण गावातल्या माणसाला आपणही ओळखतो, त्याच्या घरी आपलं जाणं-येणं असतं. जिथे आपण त्याला ओळखत नाही आणि तो मात्र आपल्या पोरीचं नाव, शाळा, चेहरा ओळखतो, तिथे अडचण आहे. शाळेबाहेर एखादा नाव घेऊन हाक मारतो तेव्हा पाच वर्षांच्या मुलीला तो ओळखीचाच वाटतो. "तुमच्या मुलीला दवाखान्यात नेलंय, लगेच पैसे पाठवा" असा फोन मुलीचं खरं नाव आणि इयत्ता सांगून आला, तर आई घाबरून पैसे पाठवते. अशा फोनला तपशील लागतो, आणि तो तपशील फोटोतून मिळतो.

आता कंपनीकडे गेलेल्या फोटोचं काय होतं? सगळ्या कंपन्या सारख्या नाहीत. मोठ्या कंपन्या निदान लिहून तरी ठेवतात. गुगलच्या जेमिनीचे नियम सांगतात की तुमच्या गप्पांतला आणि पाठवलेल्या फोटोंतला काही भाग माणसं तपासतात, आणि असा तपासलेला भाग तीन वर्षांपर्यंत ठेवला जाऊ शकतो. तुम्ही तुमच्याकडून तो पुसला तरी. चॅटजीपीटीमध्ये साध्या, फुकट खात्यावर तुम्ही पाठवलेलं काहीही पुढचं तंत्र शिकवायला वापरलं जाऊ शकतं. ते तुम्ही बंद केलं नसेल तर चालूच असतं. व्हॉट्सॲपवर तो निळसर गोल दिसतो ना, मेटा एआयचा, त्याच्याशी केलेलं बोलणंही असंच. घरच्यांशी केलेलं व्हॉट्सॲपचं बोलणं कंपनीला वाचता येत नाही. पण त्या गोलाला फोटो पाठवला तर तो थेट कंपनीला पाठवल्यासारखाच आहे. एकाच ॲपमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असल्यामुळे भल्याभल्यांचा इथे गोंधळ होतो.

लहानसहान ॲपचं आणखी कठीण. "बेबी फोटो मेकर", "कपल टू बेबी" असल्या नावाची ढीगभर ॲप आहेत. बनवणारा कोण, कुठल्या देशातला, फोटो कुठे ठेवतो, काही पत्ता नसतो. २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका चित्रं बनवणाऱ्या सेवेचा साठा इंटरनेटवर उघडा पडलेला सापडला. कुलूप नाही, पासवर्ड नाही. त्यात नव्वद हजारांच्या वर चित्रं होती, आणि त्यांत माणसांच्या चेहऱ्यांवरून केलेली अश्लील चित्रंही होती, लहान मुलांसारखी दिसणारीसुद्धा. कुणी चोरी केली म्हणून हे बाहेर आलं नाही. दारच लावलेलं नव्हतं.

दुसरी एक घटना ब्राझील देशातली आहे. ह्यूमन राइट्स वॉच नावाची मानवी हक्कांचं काम करणारी संस्था आहे. तिनं २०२४ मध्ये एक मोठा साठा तपासला. चित्रं बनवणारी यंत्रं शिकवण्यासाठी इंटरनेटवरून गोळा केलेल्या ५०० कोटींहून जास्त चित्रांचा हा साठा, लायन-५बी नावाचा. त्यांनी त्याचा अगदी इवलासा भाग पाहिला, तरी त्यात ब्राझीलच्या मुलांचे १७० फोटो सापडले. पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रेलियातल्या मुलांचे १९० सापडले. बरेचसे फोटो आयांनी, नातेवाइकांनी कौतुकानं टाकलेले. एका फोटोत दोन वर्षांची मुलगी नुकत्याच जन्मलेल्या बहिणीच्या बोटांना हात लावून पाहते आहे. फोटोबरोबर दोघींची नावं होती, बाळंतपण झालं त्या दवाखान्याचं नावही होतं. नऊ वर्षांपूर्वीचा फोटो. टाकणाऱ्याला तेव्हा असं काही यंत्र येईल हे माहीतही नव्हतं. साठा ठेवणाऱ्यांनी ते फोटो काढतो असं सांगितलं, आणि काढलेही असतील. पण त्या साठ्यावर शिकून जी यंत्रं आधीच तयार झाली, त्यांतून ते शिकलेलं काढायची सोपी सोय नाही. भाजीत पडलेलं मीठ वेगळं काढता येत नाही, तसं.

हे फोटो ॲपला दिलेले नव्हते, उघड्यावर टाकलेले होते. म्हणून आपल्याला दोन वाटा लक्षात ठेवायच्या आहेत. एक म्हणजे ॲपला दिलेला मूळ फोटो. दुसरी म्हणजे चित्र झाल्यावर आपण फेसबुकवर, यूट्यूबवर सगळ्यांना दिसेल असं टाकतो ते.

आता सगळ्यात वाईट गोष्ट, आणि ती आडून न सांगता सांगतो. कपडे घातलेल्या बाईचा किंवा मुलीचा साधा फोटो घेऊन तिचं उघडं चित्र बनवणारी ॲप आहेत. त्यांना एकच चांगला, समोरून काढलेला, उजेडातला फोटो पुरतो. हे करणारा बहुधा दूरचा अनोळखी नसतो. शाळेतला मुलगा असतो, नकार मिळालेला असतो, शेजारचा असतो, जुनं वैर असलेला असतो. त्याला फोटो मिळतो तो आपल्या स्टेटसवरून, गावाच्या ग्रुपवरून. मुलीनं असा फोटो कधी काढलेलाच नसतो, तरी घरात मारहाण होते, शाळा बंद होते. म्हणून आम्ही हे बोलतोय. अशा वेळी मुलीला "तू काय केलंस?" असं विचारणारं घर गुन्हेगाराचं काम सोपं करतं.

चेहऱ्याबद्दल आणखी एक. पासवर्ड कुणाला कळला तर बदलता येतो. चेहरा बदलता येत नाही. अंगणवाडीत पोषण आहारासाठी, पीएम किसानच्या केवायसीसाठी, पेन्शनवाल्या आजोबांच्या हयातीच्या दाखल्यासाठी आता चेहरा दाखवायची पद्धत आली आहे. ही सरकारी कामं वेगळी, ती करावी लागतात. पण चेहरा हीच जर पुढे किल्ली होणार असेल, तर पाच वर्षांच्या पोरीची किल्ली तिला न विचारता आपण किती ठिकाणी ठेवायची, एवढा विचार तर करायला हवा.

मग नातीचं कार्टून करायचंच नाही का? करा. पण आजीचं तेच काम दुसऱ्या पद्धतीनं करून बघू.

पहिला रस्ता म्हणजे फोटो न देणं. या ॲपला शब्दांत सांगितलं तरी चित्र मिळतं. "पाच वर्षांची मराठी मुलगी, दोन वेण्या, लाल परकर-पोलकं, हातात फुगा, शेजारी पांढरी शेळी, मागे कौलारू घर." मराठीत बोलूनही सांगता येतं. चित्र नातीसारखं हुबेहूब येणार नाही, पण वेण्या, परकर आणि शेळी तिचीच असेल, आणि पाच वर्षांच्या मुलीला शेळी ओळखू आली की पुरे. चेहरा बॅनरवर हवाच असेल, तर गावातल्या फ्लेक्सवाल्याकडे त्या चित्राशेजारी खरा फोटो लावून घ्या. आम्हाला विचाराल तर मुलांच्या बाबतीत हाच रस्ता बरा. बाकीचे रस्ते धोका कमी करतात, संपवत नाहीत.

दुसरा रस्ता, फोटो द्यायचाच असेल तर. मग तो आधी तयार करा. फाटकासमोरचा फोटो नको. घरात, कोऱ्या भिंतीसमोर, साध्या कपड्यांत काढलेला घ्या. तो कापून फक्त नात ठेवा. शेजारची चुलत भावंडं, मागची पाटी, सगळं काढा. मग त्या कापलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो स्क्रीनशॉट ॲपला द्या. असं का? कारण स्क्रीनशॉट ही नवीन प्रतिमा असते. जिथे फोटो काढला त्या जागेचे आकडे तिच्यात येत नाहीत. मूळ फोटो दिला तर ते आकडे बरोबर जाऊ शकतात. आणि चित्र तेवढंच चांगलं येतं, कारण ॲपला चेहरा लागतो, जागा नाही. आंघोळ करताना, उघड्या अंगानं खेळताना काढलेले बाळांचे फोटो मात्र कुठल्याच ॲपला, कुठल्याच ग्रुपवर नकोत. घरात ते किती निरागस असतात हे आम्हाला कळतं. पण बघणारा प्रत्येक डोळा आजीचा नसतो.

व्हॉट्सॲपबद्दल एक बारीक गोष्ट. फोटो नेहमीसारखा पाठवला तर व्हॉट्सॲप त्यातले जागेचे आकडे काढून टाकतं. पण फोटो स्वच्छ जावा म्हणून काही जणी तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवतात. तसा पाठवला तर आकडे जसेच्या तसे जातात. फ्लेक्सवाल्याला पाठवताना बहुतेक वेळा आपण असंच पाठवतो.

तिसरी गोष्ट मोबाईलच्या बटणांची. ही एकदाच करायची आहे, घरातल्या शिकलेल्या मुलीला शेजारी बसवून केली तरी चालेल. कॅमेरा उघडा, त्याच्या सेटिंगमध्ये जा, लोकेशनचं बटण शोधा आणि बंद करा. प्रत्येक कंपनीच्या मोबाईलमध्ये त्याचं नाव थोडं वेगळं असतं, पण 'लोकेशन' हा शब्द असतोच. यापुढच्या फोटोंत जागा लिहिली जाणार नाही. आधीच्या फोटोंत मात्र ती राहते. शेतीच्या नुकसानीचे फोटो, घरकुलाचे फोटो अशा कामांना लोकेशन लागतं, तेव्हा तेवढ्यापुरतं चालू करा.

जेमिनी वापरत असाल, तर वर कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबा आणि Keep Activity शोधून बंद करा. त्यानंतर नवीन बोलणं कंपनी ७२ तास ठेवते, शिकवायला वापरत नाही. चॅटजीपीटीत सेटिंगमध्ये Data controls असं लिहिलेलं असतं. त्यात Improve the model for everyone हे बटण असतं, ते बंद करा. नाव मोठं गोड दिलंय, सगळ्यांच्या भल्यासाठी म्हणे! बंद केल्यानं तुमचं चित्र काही वाईट येत नाही. आणि हे बटण बंद केल्यावर पुढे पाठवाल त्याला नियम लागू होतो. आधी पाठवलेल्या फोटोंच्या गप्पा वेगळ्या पुसाव्या लागतात. चॅटजीपीटीत पुसलेली गप्पा साधारण ३० दिवसांत त्यांच्या संगणकावरून काढली जाते. कंपन्या बटणांची नावं आणि जागा बदलत असतात, तेव्हा नाव तंतोतंत सापडलं नाही तर 'डेटा' किंवा 'ॲक्टिव्हिटी' हे शब्द शोधा.

नवीन ॲप घेताना ते म्हणतं, "सगळे फोटो बघायची परवानगी द्या." नवीन अँड्रॉइड मोबाईलमध्ये सगळ्यांऐवजी निवडक फोटो द्यायची सोय असते. तीच निवडा. कार्टूनला एक फोटो लागतो, हजार नाही. प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर खाली Data safety असा भाग असतो. ॲप फोटो गोळा करतं का, दुसऱ्यांना देतं का, पुसायला सांगता येतं का, ते तिथे लिहिलेलं असतं. मात्र ते ॲपवाल्यानं स्वतःच भरलेलं असतं. दुकानदारानंच लिहिलेली पाटी म्हणून वाचा. तिथे "डेटा पुसता येत नाही" असं असेल तर ॲप घेऊच नका.

आणि एक मोठा गैरसमज. ॲप मोबाईलमधून काढून टाकलं की फोटोही गेले असं वाटतं. तसं नाही. ॲप काढलं म्हणजे आपण गिरणीत जाणं बंद केलं, दाणे तिथेच आहेत. आधी ॲपमध्ये जाऊन खातं पुसायचं, मग ॲप काढायचं. ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं त्यात ते पुसायची सोय द्यावीच लागते, असा प्ले स्टोअरचाच नियम आहे.

कायदा काय म्हणतो? आपल्या देशात २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याचे नियम आले. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घ्यायची तर कंपनीनं आई-बापाची संमती, तीही पडताळून, घ्यायला हवी असं तो सांगतो. पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून दीड वर्षानं लागू व्हायच्या आहेत. शिवाय आईनं स्वतःच्या हातानं फोटो दिला, तर तिची संमती आहेच. त्यामुळे आज तरी खरी राखण घरातच आहे.

आता समजा, वाईट घडलं. कुणी तुमच्या मुलीचं बनावट उघडं चित्र पाठवलं आणि पैसे मागितले, किंवा ते गावाच्या ग्रुपवर फिरतंय असं कळलं. पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. घाबरून सगळं पुसूनही टाकू नका. धमकीचे मेसेज, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, ग्रुपचं नाव, लिंक, यांचे स्क्रीनशॉट ठेवा. पण ते चित्र "बघा काय केलंय" म्हणून सरपंचांना, मावशीला, गटात पुढे पाठवू नका. अठरा वर्षांखालील मुलीचं असं चित्र बनवणं, फिरवणं हा पोक्सो आणि आयटी कायद्याखाली गुन्हा आहे. पोक्सो कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या बदलानुसार संगणकानं बनवलेलं, खऱ्या मुलासारखं दिसणारं चित्रही त्यात येतं. "ते खोटं आहे, चेष्टा होती" ही सबब चालत नाही. आणि मदतीच्या हेतूनं पुढे पाठवणारी बाईही अडचणीत येऊ शकते. पोलिसांना मोबाईलच दाखवा.

तक्रार cybercrime.gov.in या सरकारी साईटवर करता येते. तिथे महिला आणि मुलांसंबंधीच्या तक्रारीसाठी वेगळा भाग आहे, आणि त्यात नाव न सांगताही तक्रार देता येते. फोन करायचा तर सायबर मदतीचा नंबर १९३०, मुलांसाठीचा १०९८. जवळच्या पोलीस ठाण्यात गेलात आणि "हे आमच्या हद्दीत नाही" असं ऐकलं, तर "झिरो एफआयआर घ्या" असं सांगा. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवायचा असतो. पोक्सोत मुलीचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता, मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घ्यायचा असतो. तिला रात्री ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही.

चित्र इंटरनेटवरून काढण्यासाठी takeitdown.ncmec.org ही एक फुकट सेवा आहे, अमेरिकेतल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची, पण इतर देशांतल्यांनाही वापरता येते. तिचं काम असं चालतं की चित्र त्यांना पाठवावं लागत नाही. तुमच्या मोबाईलमध्येच त्या चित्राचा अंगठ्यासारखा ठसा, म्हणजे एक लांबलचक आकडा तयार होतो. फक्त तो आकडा जातो, आणि फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्या त्या ठशाचं चित्र आपल्याकडे सापडलं तर काढतात. व्हॉट्सॲपच्या खासगी बोलण्यात फिरणारं चित्र मात्र याने अडत नाही. त्यासाठी पोलिसांकडेच जावं लागतं.

गटाच्या बैठकीतला एक ठरावही सांगतो, कुणाला उपयोगी पडला तर. हळदीकुंकू, पोषण महिना, शाळेचं स्नेहसंमेलन, प्रत्येक वेळी शे-दोनशे फोटो निघतात आणि त्यांत दुसऱ्यांची मुलं असतात. ज्या मुलाची आई तिथे नाही, त्याचा जवळून काढलेला फोटो कुठल्याही ॲपला द्यायचा नाही आणि नावासकट टाकायचा नाही, असं आमच्याकडे ठरलं. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना स्वतःलाच विचारायचं. पहिल्यांदा मुलं लाजतात. मग एक मुलगी सरळ "नको" म्हणाली आणि तिचा फोटो काढून टाकला. त्यानंतर बाकीची मुलंही बोलायला लागली.

शेवटी, एका ताईंनी विचारलंय की सासूबाईंचा जुना, डाग पडलेला काळा-पांढरा फोटो या ॲपवर नीट करून घेतला तर चालेल का. गेलेल्या माणसाच्या जुन्या फोटोत धोका फार थोडा. घ्या करून. फक्त फोटोमागे लिहिलेली नावं किंवा त्याच फ्रेममधली घरातली मुलं त्यात येऊ देऊ नका. तालुक्याच्या स्टुडिओत देणार असाल, तर तो स्वतः संगणकावर दुरुस्त करतो की कुठल्या ॲपवर टाकतो, ते आधी विचारा. आजकाल बरेच जण ॲपवरच टाकतात. आणि छापून हातात आल्यावर, त्याच्या व्हॉट्सॲपवरून आणि संगणकावरून तो फोटो तुमच्या समोरच पुसायला सांगा.